बिलिंग घरून बघायचंय? सॉफ्टवेअरवाल्याला फोन करू नका, हे पत्र पाठवा

"रात्री घरी बसून आजचं कलेक्शन दिसेल असं काहीतरी करून द्या." छोट्या क्लिनिकमधून बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला जाणारी मागणी बहुतेक वेळा एवढीच असते, आणि तीही फोनवर. मग समोरचा त्याला सर्वांत सोपं पडेल ते करतो. एकतर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचा रस्ता, उघडतो, नाहीतर रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर एनीडेस्कसारखं काहीतरी टाकून त्याला कायमचा पासवर्ड लावतो. दोन्ही कामं अर्ध्या तासात होतात आणि त्याच रात्री घरून बिलं दिसायलाही लागतात, म्हणून कोणाला शंका येत नाही.

अडचण अशी की विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसरीकडे बसून तो कॉम्प्युटर चालवायची सोय, 3389 या पोर्टवर चालतं, आणि इंटरनेटवर उघडी असलेली अशी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. तुमचं क्लिनिक कोणी मुद्दाम हेरलेलं नसतं. उघडं दार सापडलं की पासवर्ड लावून बघायला सुरुवात होते, एवढंच. आत शिरल्यावर बिलिंगचा डेटाबेस एनक्रिप्ट, म्हणजे तुम्हाला उघडता येणार नाही असा कुलूपबंद, केला जातो, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कॉम्प्युटरला लावून ठेवलेली असेल तर तीही. "आम्ही पोर्टचा नंबर बदलून 33890 केलाय" या उत्तराने काही साधत नाही, कारण शोधणारे सगळेच नंबर तपासू शकतात.

म्हणून मागणी लेखी करा, आणि काय हवंय याच्या जोडीला काय चालणार नाही तेही लिहा. खाली नमुना पत्र आहे, पण ते भरण्याआधी थोडी तयारी लागते.

हाताशी ठेवायच्या गोष्टी

- सॉफ्टवेअरचं बिल, लायसन्सचा कागद आणि चालू एएमसीची प्रत
- बिलिंग चालतं त्या प्रत्येक कॉम्प्युटरचं नाव आणि विंडोजची आवृत्ती
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड (तो बसवणाऱ्याकडेच असेल तर आधी मागून घ्या)
- इंटरनेट कंपनीचं शेवटचं बिल
- क्लिनिकच्या नावाचा, तुमच्या ताब्यातला एक ई-मेल पत्ता

1. नक्की कोणाला, काय आणि कधी बघायचंय ते ठरवा

एक उदाहरण धरून चालू. क्लिनिक सकाळी 9.30 ते 1.30 आणि संध्याकाळी 5 ते 9 उघडं असतं. रिसेप्शनला एक कॉम्प्युटर आहे, त्याच्यावरच डेटाबेस. डॉक्टरांच्या केबिनमध्ये दुसरा, तो रिसेप्शनला नेटवर्कने जोडलेला. घरून बघायचंय तिघांना: डॉक्टरांना रोजचं कलेक्शन आणि उधारी, मॅनेजरबाईंना रविवारी आठवड्याची बिलं, आणि टॅक्सवाल्यांना महिन्याचं रजिस्टर.

यातले टॅक्सवाले लगेच कमी होतात. महिन्यातून एकदा रजिस्टर एक्सेलमध्ये काढून पाठवलं की त्यांचं काम झालं. त्यासाठी दार उघडायची गरज नाही. डॉक्टरांचंही तपासून बघा. फक्त दिवसाचा आकडा हवा असेल, तर रात्री 9.15 ला कलेक्शनचा रिपोर्ट आपोआप ई-मेलने येण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे आधी विचारा. असली तर बाकीचा खटाटोप वाचतो. मात्र त्या रिपोर्टमध्ये पेशंटची नावं आणि उपचार नकोत, बेरजा पुरेत.

उरलेल्यांना फक्त बघायचंय की बिल बदलायचंही आहे, ते ठरवा. घरून बिल रद्द करणं, सवलत देणं आणि मागच्या तारखेचं बिल बनवणं बंद ठेवलेलं बरं. काउंटरवर आणि घरून एकच "अ‍ॅडमिन" लॉगिन वापरलं, की रद्द झालेलं बिल कोणी रद्द केलं हे पुढे कधीच कळत नाही.

2. कुठल्या मशीनवर शिरायचं?

नवख्यांची सर्वांत जास्त गल्लत इथे होते. विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने येता येत नाही. त्यासाठी प्रो लागते. आणि प्रो असली तरी एका वेळी एकच माणूस त्या मशीनवर काम करू शकतो. डॉक्टर घरून रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर शिरले, की तिथे समोर बसलेल्या मुलीचा स्क्रीन लॉक होतो. संध्याकाळी सातला, काउंटरवर सहा पेशंट उभे असताना हे झालं की ती परत आपला पासवर्ड टाकते आणि डॉक्टर बाहेर फेकले जातात. मग दोघंही म्हणतात, "सिस्टिम हँग होतेय."

यावर काही जण विंडोजची फाइल बदलून एकाच वेळी अनेकांना शिरू देणारा जुगाड सुचवतात. तो लायसन्सच्या बाहेरचा आहे, आणि विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर बंद पडतो.

दुसरा चुकीचा रस्ता म्हणजे घरच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून क्लिनिकमधली डेटाबेसची फाइल इंटरनेटवरून उघडायची. जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा `.mdb` किंवा `.dbf` फाइलमध्ये असतो. लिहिणं चालू असताना लाइन तुटली की अशी फाइल खराब होऊ शकते, आणि घरची लाइन कधीतरी तुटणारच.

सरळ उपाय असा: केबिनमधला कॉम्प्युटर, किंवा एखादा जुना पण चांगला पीसी, "दुसरा काउंटर" म्हणून क्लिनिकच्या नेटवर्कवर ठेवायचा. घरून फक्त त्याच्यावर शिरायचं. डेटा क्लिनिकच्या आतच राहतो, घरी येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र, आणि रिसेप्शनला कोणी त्रास देत नाही. त्या मशीनवर विंडोज 10 असेल तर लक्षात घ्या की त्याचा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बाहेरून उघडायच्या मशीनवर विंडोज 11 प्रोच हवी. तिसऱ्या मशीनवर बिलिंग चालवायला वेगळं लायसन्स लागतं का, हे पत्रातच विचारून घ्या, नाहीतर ते बिलात कळतं.

3. तुमचं इंटरनेट कुठल्या प्रकारचं आहे ते बघा

राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो, राउटरच्या खालच्या स्टिकरवर मिळेल. तिथल्या `WAN` किंवा `Internet` पानावर एक आयपी दिसेल, तो लिहून घ्या. मग क्लिनिकच्याच वायफायवरून गुगलला `what is my ip` विचारा आणि मिळालेल्या आयपीशी तुलना करा (दोन्ही ठिकाणचा टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांचा पत्ता घ्या). दोन्ही सारखे असतील तर तुमच्याकडे स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे. वेगळे असतील, किंवा राउटरवरचा `100.64` ते `100.127` यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर कंपनीने बहुधा एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलाय. अशा लाइनवर बाहेरून थेट आत येताच येत नाही.

मग व्हेंडर सांगतो, "स्टॅटिक आयपी घ्या." अशा न बदलणाऱ्या सार्वजनिक पत्त्याचे पैसे कंपनी वेगळे लावते, आणि दर वेळी ते लागतातच असंही नाही. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी, पण फक्त ठरलेल्या मशीनना जोडणारी खाजगी वाट. टेलस्केलसारख्या व्हीपीएनमध्ये क्लिनिकचं मशीन आणि घरचा लॅपटॉप दोघंही स्वतःहून बाहेर जोडणी करतात, त्यामुळे अशा लाइनवरही काम होतं आणि राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही. साध्या वायरगार्ड व्हीपीएनला मात्र एका टोकाला सार्वजनिक पत्ता आणि एक यूडीपी पोर्ट लागतं, सहसा 51820. तेही चालतं, कारण ओळखीची किल्ली नसलेल्याला ते पोर्ट उत्तरच देत नाही.

4. पत्र

ई-मेलने पाठवा आणि उत्तर ई-मेलनेच मागा. रिकाम्या जागा भरा. वरच्या उदाहरणाप्रमाणे भरलेला मजकूर तुमच्या क्लिनिकप्रमाणे बदला.

> विषय: बिलिंग सॉफ्टवेअर क्लिनिकबाहेरून सुरक्षितपणे वापरण्याची व्यवस्था: प्रस्ताव आणि दर मिळणेबाबत
>
> प्रति,
> ________ (सॉफ्टवेअर / हार्डवेअर सेवा)
>
> महोदय,
>
> आमच्या क्लिनिकमध्ये आपले बिलिंग सॉफ्टवेअर (आवृत्ती ____, लायसन्स क्र. ____) दोन कॉम्प्युटरवर चालते. एएमसी ____ पर्यंत चालू आहे. खालीलप्रमाणे व्यवस्था हवी आहे.
>
> 1. वापरणारे. दोन व्यक्ती: डॉक्टर (रोज रात्री 9.30 ते 11) आणि मॅनेजर (रविवारी सकाळी 10 ते 1). प्रत्येकी एक ठरलेला लॅपटॉप. मोबाइलवरून प्रवेश नको.
>
> 2. काम. कलेक्शन, उधारी आणि बिलांची यादी फक्त पाहणे. बिल रद्द करणे, सवलत देणे, मागील तारखेची नोंद आणि सर्व पेशंटची यादी एक्सपोर्ट करणे या सोयी या दोन लॉगिनना बंद असाव्यात. प्रत्येकाचे लॉगिन स्वतंत्र असावे.
>
> 3. मशीन. बाहेरून प्रवेश केवळ केबिनमधील कॉम्प्युटरवर (विंडोज 11 प्रो) मिळावा. रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर थेट प्रवेश नको. याकरिता जादा लायसन्स लागत असल्यास दर कळवावा.
>
> 4. जोडणी. प्रवेश व्हीपीएनमधूनच असावा. व्हीपीएनचे खाते क्लिनिकच्या ई-मेल पत्त्यावर उघडावे आणि त्याला पासवर्डखेरीज मोबाइलवरील सहा अंकी कोडचा दुसरा पडताळा असावा. आपली पद्धत किल्लीच्या फाइलवर चालत असल्यास प्रत्येक लॅपटॉपसाठी वेगळी किल्ली द्यावी.
>
> 5. पुढील गोष्टी मान्य नाहीत. राउटरमधून रिमोट डेस्कटॉप किंवा डेटाबेसचे पोर्ट इंटरनेटवर उघडणे, मग पोर्टचा नंबर कोणताही असो. कायमचा पासवर्ड ठेवलेले स्क्रीन-शेअरिंग. डेटाबेसच्या `sa` खात्याचा मूळ किंवा इतर ग्राहकांकडे वापरला जाणारा पासवर्ड. अँटिव्हायरस किंवा विंडोज फायरवॉल बंद करणे.
>
> 6. आपला स्वतःचा प्रवेश. दुरुस्तीसाठी आपणास प्रवेश हवा असल्यास आमच्या कर्मचाऱ्याने त्या वेळी परवानगी दिल्यावरच मिळेल. काम करणाऱ्याचे नाव, वेळ आणि केलेला बदल ई-मेलने कळवावा.
>
> 7. नोंदी. कोण, कधी, कोणत्या मशीनवरून आत आले याच्या नोंदी किमान 180 दिवस राहाव्यात आणि त्या आम्हास पाहता याव्यात.
>
> 8. गैरप्रकार. अनधिकृत प्रवेशाची शंका आल्यास आपणास कळल्यापासून 2 तासांच्या आत फोनवर आणि त्यानंतर लेखी कळवावे.
>
> 9. हस्तांतर. काम पूर्ण झाल्यावर सर्व अ‍ॅडमिन पासवर्ड, राउटरच्या सेटिंगची प्रत आणि एखाद्याचा प्रवेश बंद करण्याची कृती लेखी द्यावी. बदल करण्यापूर्वी डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवावा.
>
> 10. चाचणी. आमच्या समोर चाचणी यशस्वी झाल्यावर रक्कम दिली जाईल.
>
> वरील प्रत्येक मुद्द्यापुढे "होईल", "होणार नाही" किंवा "याऐवजी असे करू" असे लिहून, खर्च आणि लागणारा वेळ यांसह ____ तारखेपर्यंत उत्तर द्यावे.
>
> आपला / आपली,
> डॉ. ________

सातव्या आणि आठव्या मुद्द्यातले आकडे मनाने घातलेले नाहीत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे अशा सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायच्या असतात आणि सिस्टिमच्या नोंदी 180 दिवस ठेवायच्या असतात. व्हेंडरने तुम्हाला दोन तासांत सांगितलं तरच तुमच्या हातात चार उरतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्येही, तुमच्या वतीने डेटा हाताळणाऱ्याकडून चूक झाली तरी जबाबदारी तुमचीच राहते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. पण पेशंटचं नाव, मोबाइल आणि कशाचं बिल झालं हे एकाच ओळीत असलेला कागद तोवर वाऱ्यावर सोडायचा, असा त्याचा अर्थ होत नाही.

5. उत्तर वाचताना

"सगळं सिक्युअर करून देऊ" हे उत्तर नव्हे. मुद्द्यापुढे मुद्दा मागा.

"एनीडेस्क आहे की, व्हीपीएन कशाला?" असं आलं तर दोन गोष्टी विचारा: लायसन्स कोणाच्या नावावर, आणि पासवर्ड कोणाकोणाला माहीत. एनीडेस्कची फुकट आवृत्ती खाजगी वापरापुरती आहे, धंद्यासाठी नाही. पासवर्डचं दुखणं वेगळंच. व्हेंडरकडे पन्नास गिऱ्हाइकं असली की लक्षात ठेवायला सगळ्यांना एकच पासवर्ड लावायचा मोह होतो, आणि त्याच्याकडचा एक मुलगा नोकरी सोडून गेला की पन्नास क्लिनिकांची किल्ली त्याच्या खिशात जाते.

दुसरा पडताळा कुठे लागतो तेही स्पष्ट करून घ्या. छोट्या क्लिनिकमधलं साधं विंडोज रिमोट डेस्कटॉप स्वतःहून कोड विचारत नाही, म्हणून तो व्हीपीएनच्या लॉगिनलाच बसवावा लागतो. टेलस्केलमध्ये गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरतात, तेव्हा त्या खात्याचा दुहेरी पडताळा चालू केला की झालं. साध्या वायरगार्डमध्ये लॉगिनच नसतं, फाइलमधली किल्ली हीच ओळख. तिथे लॅपटॉपची डिस्क एनक्रिप्ट केलेली हवी, नाहीतर लॅपटॉप चोरणाऱ्याला किल्लीही मिळते.

आणि व्हीपीएनचं खाते व्हेंडरच्या जीमेलवर उघडू देऊ नका. सोयीचं म्हणून हे हमखास होतं. पुढे त्याच्याशी बिनसलं की तुमच्याच मशीनवर कोणी यायचं ते तो ठरवतो.

6. काम झाल्याच्या दिवशी तपासणी

क्लिनिकच्या वायफायवरून केलेल्या तपासणीचा उपयोग नाही, कारण तुम्ही आधीच आत असता. लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा, व्हीपीएन बंद ठेवा, पॉवरशेल उघडा आणि क्लिनिकचा सार्वजनिक आयपी घालून हे चालवा (इथला पत्ता नमुन्याचा आहे):

```
Test-NetConnection 203.0.113.25 -Port 3389
Test-NetConnection 203.0.113.25 -Port 1433
```

1433 हे एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं पोर्ट. दोन्ही वेळा शेवटी `TcpTestSucceeded : False` आलं पाहिजे. `True` आलं तर तिथेच थांबा आणि पैसे देऊ नका. मात्र `False` आल्यावरही राउटरचं `Port Forwarding` किंवा `Virtual Server` हे पान डोळ्यांनी बघा, कारण नंबर बदलून उघडलेलं पोर्ट या दोन ओळींत सापडणार नाही. वायरगार्डची 51820 ची एक ओळ सोडली तर ती यादी रिकामी हवी. `UPnP` चालू दिसलं तर बंद करायला सांगा. त्याच्यामुळे आतला एखादा प्रोग्रॅम किंवा कॅमेरा तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतो.

आता व्हीपीएन चालू करा. केबिनचा कॉम्प्युटर उघडला पाहिजे, आणि रिसेप्शनचं मशीन किंवा त्याचं शेअर्ड फोल्डर उघडता कामा नये. आत गेल्यावर एक बिल रद्द करून बघा. सॉफ्टवेअरने नकार दिला पाहिजे. रिमोट डेस्कटॉपमधून घरच्या लॅपटॉपचे ड्राइव्ह आत दिसत असतील तर तेही बंद करून घ्या, नाहीतर घरच्या लॅपटॉपवरची व्हायरस लागलेली फाइल त्याच वाटेने क्लिनिकमध्ये येते.

व्हीपीएन जोडलं गेलं, तरी मशीन उघडत नाही, असं झालं तर बहुधा घरचा आणि क्लिनिकचा राउटर दोघंही `192.168.1.x` हेच पत्ते वाटत असतात. लॅपटॉप `192.168.1.10` ला शोधतो, पण घरातच. अशा वेळी केबिनच्या मशीनला त्याच्या व्हीपीएनच्या पत्त्याने बोलवायचं. क्लिनिकच्या राउटरचे पत्ते बदलणं हाही उपाय आहे, पण मग प्रिंटर आणि बिलिंगमधला सर्व्हरचा पत्ताही बदलावा लागतो, म्हणून ते कामाच्या दिवशी करू नका.

आणखी दोन गोष्टी पहिल्या महिन्यात छळतात. वीज गेली, इन्व्हर्टर दमला, की केबिनचा कॉम्प्युटर बंद होतो आणि रात्री घरून काहीच लागत नाही. त्याच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, बहुतेकदा `Restore on AC Power Loss` नावाने. ती `Power On` करून घ्या आणि विंडोजचं `Sleep` बंद ठेवा. दुसरी गोष्ट उशिरा कळते: टेलस्केलमध्ये मशीनची किल्ली मूळ सेटिंगप्रमाणे 180 दिवसांनी संपते. क्लिनिकच्या मशीनसाठी ही मुदत काढून टाकता येते. लॅपटॉपसाठी मात्र काढू नका. सहा महिन्यांनी एकदा परत लॉगिन करायला काही जड नाही.

7. प्रवेश बंद करून बघा

व्हेंडर अजून समोर बसलेला असतानाच मॅनेजरबाईंचा लॅपटॉप व्हीपीएनच्या यादीतून स्वतःच्या हाताने काढा आणि तो आत येत नाही याची खात्री करा. मग परत जोडा. लॅपटॉप हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला तर हेच करायचं असतं, आणि ते रात्री अकरालाही फोन न करता जमलं पाहिजे. त्या जोडीला बिलिंगमधलं आणि विंडोजमधलं त्या व्यक्तीचं लॉगिन बंद करा. अशी तीन ठिकाणं आहेत, आणि हमखास विसरलं जातं ते बिलिंगमधलं.

ही तीन ठिकाणं, व्हेंडरचं मुद्देसूद उत्तर आणि राउटरच्या पानाचा फोटो एएमसीच्या फाइलला लावून ठेवा. पासवर्ड मात्र त्या फाइलमध्ये नकोत. ते बंद पाकिटात, घरच्या कपाटात.